टॉवरचं कारण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: त्या बाईच्या फोनात बिघाड नव्हता. जे झालं ते माझ्या हातून झालं.

पांढरकवड्याच्या बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बोंडअळीनं कापूस खाल्ला ती सालं. वेचणीचं काम आधीच कमी. शेतमालकाच्या मेसेजला जी टोळी आधी उत्तर देईल तिला शेत मिळायचं. केळापूरकडची ही बाई अकरा बायांची टोळी चालवायची. तिच्या फोनात व्हॉट्सअॅप मावत नव्हतं, म्हणून मालकानं टोळ्यांचा ग्रुप फोनमध्ये आधीपासून असलेल्या मेसेज अॅपमध्येच केला होता.

दिवाळीआधी ती आली. "भाऊ, कर्जाच्या जाहिराती येऊन राह्यल्या दिवसभर. बंद करा नं."

त्या जाहिराती मेसेज अॅपमधल्या, इंटरनेटवर चालणाऱ्या आरसीएस चॅटवरून यायच्या; मी ते चॅट बंद केलं. तेव्हा सगळ्यांचंच करत होतो. गिऱ्हाईक दोन मिनिटांत खूश. ग्रुप आहे का, हे विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी ती परत आली. "साधे मेसेज येते, जाते. फोटू जात नाही. ग्रुप तं मेल्यावानी पडला. मालक म्हणते, बाई मोठी झाली, उत्तर देत नाही."

फोटोला डेटा लागतो, म्हणून आधी तो पाहिला. चालू होता. मग एपीएन, म्हणजे सिमच्या इंटरनेटची सेटिंग, उघडली. एमएमएसच्या पत्त्याची जागा रिकामी. म्हणजे फोटो चॅटवरून न जाता एमएमएसनं, जुन्या पद्धतीनं, जायला बघत होता. चॅट बंद काहून? स्वतःलाच विचारता विचारता आठवलं, मीच केलं होतं. मालकाचा ग्रुप चॅटवरच चालायचा; ते बंद झाल्यावर ग्रुपचे निरोप तिला येणारच नव्हते. एकट्याला पाठवलेला मेसेज मात्र साधा होऊन पोचत होता, त्यामुळे फोन ठीकच वाटला तिला.

चॅट चालू केलं. पाच मिनिटांनी 'कनेक्टेड' दिसलं. फोटो गेला. मधल्या तीन आठवड्यांचे निरोप काही आले नाहीत.

"काय झालतं भाऊ?"

"टॉवरचं होतं, काकू."

"तसंच सांगू मालकाले?"

"सांगा."

तिनं सांगितलं. चार दिवसांनी मालक स्क्रीनची काच बसवायला आला आणि हसत म्हणाला, "टॉवर म्हणे. त्याच गावात बाकीच्यायले मेसेज येते, हिलेच येत नाही. फोन तुम्हीच पाह्यला नं? काय होतं त्यात?"

मी काचेखालचा बुडबुडा अंगठ्यानं कडेला सारत होतो. म्हटलं, "फोन तर ठीक होता."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच त्याला पटलं.

शेतं दुसऱ्या टोळीला गेली. अकरा बाया एकेक करून तिकडे गेल्या. पुढच्या हंगामात ही बाई त्याच टोळीत, दुसरीच्या हाताखाली वेचायला लागली. अजून रिचार्जला माझ्याकडेच येते. मला भाऊच म्हणते.

त्या मालकासमोर आणि त्या अकरा बायांसमोर एवढं बोलायचं मी तिचं देणं लागतो: चूक माझी होती, आणि ही बाई खोटं बोलली नव्हती.