टोपली आधी उचलली तर

माझ्या भागीदाराने माझ्या मावशीला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं मी बघून घेईन.

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं मोबाइलवरचा गेम बनवत होतो. तो तळेगावचा, इंजिनिअर. मी खाली त्याच दुकानात चिक्की विकून वर चढलेला. गेममध्ये आठवडी बाजार होता, बाजारात एक भाजीवाली म्हातारी. घासाघीस करून तिच्याकडून भाजीची टोपली घ्यायची. तिची वाक्यं मी लिहिली. घासाघीस मला कुणी शिकवावी लागत नाही. आवाज नवलाख उंबरे गावातल्या माझ्या मावशीचा. "आरं, नुसताच बघतो व्हय? भाव इचार की!" असं बरंच काही.

गेम बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या कंपनीतून, तो तपासणाऱ्या मुलीचा फोन आला.

"सर, म्हातारी एकच वाक्य बोलते. 'जपून ने, बाबा.' बस."

"एकच? तिचं तोंड बंद होत नाही."

"इथे बंद आहे, सर."

भागीदाराने शोधून काढलं. काय घडून गेलं याच्या खुणा गेम ठेवतो, त्यांना फ्लॅग म्हणतात. म्हातारीशी बोलायला गेलं की गेम सगळ्यात आधी बघायचा, टोपली घेतल्याची खूण लागली आहे का. लागली असेल तर सौदा झाला असं धरून थेट निरोपाचं वाक्य. मधली सगळी घासाघीस गाळून. आणि टोपली तर न बोलताही उचलता येत होती. त्या मुलीने तेच केलं होतं. आम्ही इतक्या वेळा खेळलो, पण भाव न विचारता मालाला हात कुणीच लावला नव्हता.

"असं कोण करतं, दादा?" भागीदार म्हणाला.

"पुण्यात करतात. दुरुस्त कर."

"करतो. सौदा ठरल्याची खूण लागल्याशिवाय टोपली उचलताच येणार नाही. संध्याकाळपर्यंत देतो."

संध्याकाळी तो काहीच दुरुस्त न करता घरी गेला. आपली चूक कबूल करायची नव्हती म्हणून त्याने कंपनीला कळवलं की संवाद मुद्दाम छोटा ठेवलाय. कंपनी खूश. गेम हलका होतो म्हणून त्यांनी मावशीची बाकीची वाक्यं काढूनच टाकली.

वाक्यं गेल्याचं मला कळलं ते गेम आल्यावर, मावशीकडून. सुनेच्या मोबाइलवर तिने आळीतल्या बायकांना गोळा करून ऐकवायला घेतलं होतं.

"आरं, म्या येवढं बोलले व्हते, समदं कुटं गेलं? बाया म्हनत्यात, म्हातारी उगाच फुशारक्या मारती."

मी वर जाऊन त्याची खुर्चीच ओढली. कंपनीला काय कळवलं ते सांगून वर तो म्हणाला, "एका म्हातारीसाठी एवढं काय, दादा?"

माझं मागणं एवढंच आहे. त्याने नवलाख उंबऱ्याला यावं, मावशीच्या ओट्यावर बसावं, आणि त्याच बायकांसमोर सांगावं, 'ती बोलली होती, तिचं बोलणं मी घालवलं.' माझ्या तोंडून नको. त्याच्याच.