मास्तरांच्या सी खाली

दिवसभर वहिनी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासत विचारायच्या, "पहिलं स्पष्ट, की दुसरं?" आणि संध्याकाळी खांद्यावर बास गिटार अडकवून टायरच्या दुकानाचा जिना चढायच्या. वरच्या मजल्यावर त्यांच्या रॉक बँडची सरावाची खोली. भिंतींना जुनी सतरंजी, खाली वायरींचा गुंता, आणि बुटांचा असा वास की पहिल्यांदा येणारा माणूस दारातच दोन पावलं मागे सरायचा. ड्रम वाजवणारा त्यांचा नवरा, म्हणून बाकी सगळ्यांच्या त्या वहिनी. नवरा तेवढा "अगं" म्हणायचा, तेही झांजांच्या आवाजावरून ओरडून.

वहिनी बासवर आल्या त्या हौसेनं नाही, तर अडचणीनं. आधीचा बासवाला लग्न करून सासरच्या गावी गेला. हो, तोच गेला, ती नाही आली. कार्यक्रम तोंडावर होता, आणि घरात भाजीची पिशवी अडकवायच्या खुंटीला नवऱ्यानं कधीकाळी स्वस्तात घेतलेला बास लटकत होता. वहिनींनी पिशवी उतरवली आणि बास घेतला. लीड गिटार वाजवणारे मास्तर त्यांना कागदावर आकडे लिहून द्यायचे, कुठल्या तारेवर कितव्या खणात बोट ठेवायचं ते. वहिनी आकडे वाचून बिनचूक वाजवायच्या. छान चाललं होतं.

पण कार्यक्रम झाला आणि वहिनींना चटक लागली. पोटात घुमणारा तो जाड आवाज आपल्या बोटांतून निघतोय, याची मजा त्यांना दुसऱ्या कशात येईना. आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी कपाळाला आठी घातली.

"वहिनी, राग मानू नका. पण कागदावरून वाजवणारा बासवाला म्हणजे पत्ता विचारत विचारत गाडी हाकणारा ड्रायव्हर. आपण गाणी रेकॉर्ड ऐकून बसवतो. तुमचा कान तयार पाहिजे."

"मग करा तयार."

"कान दुसऱ्यानं करून मिळत नाही. महिनाभर घरी घोटा. मग मी परीक्षा घेणार. तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसायचं, मी वाजवणार, तुम्ही ओळखायचं. एक चूक माफ. दोन झाल्या तर बास कीबोर्डवाल्याचा डावा हात वाजवेल."

कीबोर्डवाल्यानं आपल्या डाव्या हाताकडे असं बघितलं, जणू त्याला बढती मिळाली.

वहिनींनी घरी येऊन सुरांची अंतरं घोटायला घेतली. मोबाइलमध्ये एक पेटी होती, नवरा त्यावर दोन सूर वाजवायचा, वहिनी कपड्यांच्या घड्या घालता घालता ओळखायच्या. पण मायनर थर्ड, परफेक्ट फोर्थ असली नावं त्यांच्या डोक्यात टिकेनात. सगळी एका वर्गातल्या एकसारख्या मुलांसारखी दिसायची. शेवटी वहिनींनी त्यांना ओळखीची नावं दिली.

अगदी शेजारशेजारचे दोन सूर एकत्र वाजले की जो करकर आवाज येतो, ते मायनर सेकंड. त्या झाल्या जावा-जावा, एका ओट्यावर उभ्या. मेजर थर्ड म्हणजे त्यांची हसतमुख नणंद. तिच्यापेक्षा अर्ध्या सुरानं आखूड मायनर थर्ड म्हणजे नवऱ्याची आत्या, जिच्या डोळ्यांत लग्नाच्या फोटोतही पाणी आलेलं. ऑक्टेव्ह, म्हणजे तोच सूर वरच्या घरात, त्या मायलेकी, चेहरा एकच, वय वेगळं. फोर्थ आणि फिफ्थ दोन्ही सभ्य, स्वच्छ, दोन्हींत थोडा औपचारिकपणा. ते व्याही आणि विहीणबाई. यांच्यातच त्यांचा घोळ व्हायचा.

"अगं, हे कोण?" नवरा दोन सूर वाजवून विचारायचा.

"आत्या!"

"बरोबर. आणि हे?"

"जावा! भांडतायत!"

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा, "अरे, कोण कोण आलंय? दार तरी लावा!"

राहता राहिला ट्रायटोन. फोर्थ आणि फिफ्थच्या बरोबर मधला तो अवघडलेला सूर. तो वाजला की कुणाला जागेवर बसवत नाही, कुठेतरी हलावंसं वाटतं. त्याला वहिनींनी काय नाव दिलं, ते नवऱ्यालाही हळूच कानात सांगितलं. पण सासूबाईंचे कान तिखट होते.

"म्हणजे मी आले की सगळ्यांना पळावंसं वाटतं?" त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

वहिनींच्या हातातली चादर अर्धीच दुमडलेली राहिली. "तसं नाही हो, आई. सेव्हन्थ कॉर्डमध्ये चार सूर एकदम वाजतात ना, त्यात तुम्ही असता, म्हणून तर गाणं घरच्या सुराकडे ओढलं जातं. तुम्ही नसलात तर सगळे जिथल्या तिथे लोळत पडतील."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "हे मात्र खरं आहे," म्हणाल्या, आणि पेटी स्वतःच्या हातात घेतली. त्या दिवसापासून नवऱ्याची नोकरी गेली. सासूबाई सूर वाजवायच्या, आणि दर तीन प्रश्नांनंतर एकदा तरी स्वतःला वाजवायच्या.

परीक्षेच्या संध्याकाळी वहिनी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या. मास्तर गिटार घेऊन मागे. कीबोर्डवाला बोटं मोडत तयार. गाणारा, ज्याला सगळे भोंगा म्हणत, तो गिटारच्या ॲम्पच्या खोक्यावर चढून बसला.

पहिले दोन सूर वाजले.

"नणंद," वहिनी म्हणाल्या.

मास्तर थांबले. "काय?"

"मेजर थर्ड म्हणतेय ती," नवरा ड्रममागून म्हणाला. "तुम्ही वाजवा, मी सांगतो."

मायलेकी आल्या, जावा आल्या, सासूबाई तर पहिल्या झटक्यात ओळखू आल्या. मग मास्तरांनी खालचा जी आणि वरचा सी वाजवला.

"विहीणबाई. फिफ्थ."

"फोर्थ!" मास्तरांचा आवाज खुलला. "सी वरून जी पर्यंत चढलात तर फिफ्थ. जी वरून सी पर्यंत चढलात तर फोर्थ. तेच दोन सूर, पण खाली कोण बसलंय ते बघायचं. एक चूक झाली."

कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर नाचली.

पुढे कॉर्ड. हसरी मेजर, रडवी मायनर, दोन्ही वहिनींनी ओळखल्या. मग मास्तरांनी गालात हसत आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन लावलं आणि एक दणदणीत कॉर्ड मारली. खिडकीची काच थरथरली. "मेजर की मायनर?"

नवऱ्यानं काठ्या छातीशी धरल्या.

"दोन्ही नाही," वहिनी सावकाश म्हणाल्या. "नणंदही नाही, आत्याही नाही. मधलं माणूस घरातच नाही, मग हसणार कोण आणि रडणार कोण? ही पॉवर कॉर्ड आहे. आणि मास्तर, हा चावटपणा आहे."

भोंग्यानं शिट्टी मारली.

राहिली शेवटची पायरी, रेकॉर्डमधला बास. नव्या गाण्याच्या कॉर्ड मास्तरांनी स्वतः ऐकून उतरवल्या होत्या. आता ते गाणं मोठ्या स्पीकरवर लागलं. ध्रुवपदाला तिसरी कॉर्ड आली तिथे त्यांनी बटण दाबून थांबवलं. "बास कुठे आहे?"

"ए वर."

"सी! गिटार सी, ई, जी वाजवतेय. सी मेजर. दोन चुका झाल्या, वहिनी. वाईट वाटतं, पण..."

"मास्तर, तुम्ही हे गाणं कशावर ऐकून उतरवलंत?"

"मोबाइलवर. का?"

"मोबाइलचा तो एवढासा स्पीकर खालचा आवाज काढत नाही. तुम्हाला गिटारचाच सगळ्यात खालचा सूर बास वाटला असेल."

"माझे कान वीस वर्षं घोटलेले आहेत!"

"कान वीस वर्षांचे आहेत हो, स्पीकर दीड इंचाचा आहे."

भोंगा ॲम्पवरून घसरला. मास्तरांचं नाक लाल झालं. वहिनींनी वळून बास उचलला आणि आवाज अगदी दुकानातला काढला. "तुम्ही डोळे मिटा. तुमची सी वाजवत राहा, बोट हलवू नका. मी फक्त खालून बघते. हे..." त्यांनी सी वाजवला. "की हे?" त्यांनी ए वाजवला.

सी वर सगळं घट्ट, उजळ, पाय जमिनीवर. ए खाली येताच त्याच कॉर्डवर सावली आली, उन्हावरून ढग जावा तशी.

"पुन्हा," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"हे... की हे? कुठलं रेकॉर्डसारखं?"

"दुसरं." मग मास्तरांनी डोळे उघडले आणि आपल्या डाव्या हाताकडे संशयानं पाहिलं. "पण माझी कॉर्ड तुम्ही बदललीत! ही ए मायनर सेव्हन झाली!"

"तुमची बोटं जिथे होती तिथेच आहेत. मी फक्त खाली येऊन बसले."

खोलीत असा हशा झाला की खालच्या टायरवाल्यानं छताला पाना ठोकला. पण मास्तर हार पचवून गप्प बसणारे नव्हते. आता त्यांनी अख्खं गाणं त्या मोठ्या स्पीकरवर पहिल्यापासून लावलं आणि कान स्पीकरला चिकटवून ऐकलं. मग उठले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, कडव्याचा बास वाजवा बरं."

वहिनींनी झोकात वाजवला. सी, एफ, जी, एफ. गिटार जिथे, त्या तिथे.

"नाही! रेकॉर्डवर गिटार फिरतेय, बास फिरत नाही. तो पूर्ण कडवंभर एका सी वर बसलाय. ऐका."

ऐकलं. खरंच होतं. वर सगळे नाचत होते आणि खाली एकच सूर धरणं धरून बसला होता. कॉर्ड बदलली की बासही बदलणारच, असं धरून वहिनींनी ते ऐकलंच नव्हतं.

"हीच दुसरी चूक," मास्तर म्हणाले. पण आवाजात पूर्वीची धार नव्हती.

वहिनींचा चेहरा उतरला. एवढा हसण्याखिदळण्यात महिना गेला, आणि आता पुन्हा ती खुंटी. त्यांनी मुकाट्यानं वायर उपटली, बास पिशवीत घातला. नवरा काही बोलायला गेला, त्यांनी हातानंच थांबवलं. "ठरलं ते ठरलं. माझ्या दोन झाल्या."

"आणि मास्तरांची एक," भोंगा पुटपुटला.

"चला, ध्रुवपद घेऊ," मास्तर घाईघाईनं म्हणाले. कीबोर्डवाल्यानं मास्तरांचा कागद पुढे ओढला आणि डाव्या हातानं कागदावरचा सी ठणकावून वाजवला.

मास्तरांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं. "ए! ए वाजव!"

"कागदावर सी आहे. तुमचंच अक्षर आहे."

"कागद कशाला बघतोस? कान नाहीत तुला?"

हे बोलून मास्तर स्वतःच थांबले. वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचल्या होत्या. मास्तर दारात आले, मान खाजवत.

"वहिनी, माझ्या सी ला असं उघड्यावर टाकून कुठे निघालात?"

"तुमचा नियम होता."

"नियम मोडायला मीच आहे ना. या. पण कडव्यात त्या सी वरून हललात तर खैर नाही."

"आणि तुम्ही मोबाइलवर गाणं उतरवलंत तर?"

"कानाला खडा."

वहिनींनी पिशवी उघडली.

कार्यक्रमात त्या सबंध कडवंभर एका सी वर अशा बसल्या, जणू मुळं फुटली. ध्रुवपदात ए वर उतरल्या तेव्हा पहिल्या रांगेतल्या सासूबाईंनीही मान हलवली. शेवट जवळ आला. जी ची कॉर्ड वाजली, आता सी वर घरी जायचं आणि संपवायचं. भोंग्यानं वाकून नमस्कार करायला सुरुवातही केली. मास्तरांनी गिटार उंचावून शेवटची सी मारली. आणि वहिनींनी तिच्याखाली सी ऐवजी ए वाजवला.

गाणं संपलंच नाही. दार उघडं ठेवून कुणी उंबऱ्यावर घुटमळावं तसं ते तिथेच राहिलं. टाळ्या वाजवायला वर आलेले हात वरच थांबले. नमस्कारात अर्धा वाकलेला भोंगा तसाच वाकून बघत होता. मास्तरांनी गर्रकन मान वळवली, एक क्षण डोळे वटारले, आणि मग त्यांचं हसू फुटलं.

"घ्या, पुन्हा ध्रुवपद!" ते ओरडले, आणि नवऱ्यानं काठ्या आपटून ताल सोडला.