सरळ केलेल्या तारखा

डिचोलीच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचे मसुदे, सगळं होतं; पण गेली काही वर्षं सर्वांत जास्त काम बायोडाट्यांचं असतं. पोरं कागदांची पिशवी घेऊन येतात, मी टाईप करतो. माझा हात चांगला आहे, हे मी आजही ठामपणे सांगेन. पण त्या हाताने एक वाईट सवय कितीतरी जणांच्या कागदांत उतरवली, तेही सांगायला हवं.

ती सवय माझ्याच फजितीतून आली. तरुणपणी मी सुर्ल्याला खाणीच्या काट्यावर, म्हणजे ट्रक वजन करायच्या जागी, सकाळच्या पाळीला होतो आणि संध्याकाळी टायपिंगच्या वर्गात शिकवायचो. पणजीला मुलाखतीत साहेबांनी बायोडाट्यावर बोट ठेवलं. "एकाच वर्षी दोन ठिकाणी? तुमचा जुळा भाऊ आहे काय?" सगळे हसले. पाळी दोनला सुटायची, वर्ग पाचला सुरू व्हायचा, एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. मी म्हटलं, "सर, टायपिंग मिस्टेक." टायपिंग शिकवणाऱ्या माणसाने! नोकरी मिळाली नाही ती नाहीच, पण तीन वर्षं शिकवलेलं काम मी स्वतःच्या तोंडाने नाकारलं. तेव्हापासून कोणाच्या कागदावर दोन तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की मला ते हसू आठवायचं आणि मी त्या 'सरळ' करायचो.

मुळगावची एक मुलगी आली होती. पंचविशीची, बोलायला तिखट. पेडण्याच्या बाजूला औषधांच्या कारखान्यात माल पाठवायच्या विभागात जागा होती. बी.कॉम. तिने मुक्त विद्यापीठातून तीन वर्षांत पूर्ण केलं होतं. वर्ग शनिवार-रविवारी पणजीच्या केंद्रात. त्याच तीन वर्षांत ती सुर्ल्याला काट्याच्या ऑफिसात होती, सोमवार ते शुक्रवार, सात ते तीन. तिने मला सांगितलं, "काका, काट्यावर तीन सीझन केले."

खाणीच्या मुलखात कोणी वर्षं मोजत नाही. पावसाळा संपला की माल हलू लागतो, मे अखेरीस काटा बंद. तो एक सीझन. मला हे तिच्याहून जास्त ठाऊक. तरी मी काय केलं? तिन्ही सीझन पदवीच्या आत येत होते. पहिले दोन काढून टाकले. तिसरा पुढे ढकलला आणि पदवी संपल्यानंतरच्या वर्षाखाली बसवला. कागद इस्त्री केल्यासारखा दिसला. "असं चालतं ना?" तिने विचारलं. "सगळे असंच करतात, बाय," मी म्हटलं. तिने सही केली. खाली छापलेलं होतं की वरील माहिती खरी आहे.

निवड झाली. पेढे घेऊन आली. पुढच्या आठवड्यात परत आली ती पेढ्यांशिवाय.

"काका, हें कितें केलंत तुमी?" तिने मोबाईल काउंटरवर आपटला.

कारखान्याचा मेल होता. नेमणुकीआधी ते सगळ्यांची माहिती पडताळतात. तिच्या पीएफच्या नोंदीत काट्यावर रुजू झाल्याची तारीख बायोडाट्यापेक्षा तीन वर्षं आधीची होती. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, तोपर्यंत नेमणूक थांबवली आहे.

"म्हणजे मी खोटारडी. चोरी न करता चोर."

मी लगेच म्हटलं, "मी लिहून देतो, टायपिंगची चूक म्हणून. दुकानाचा शिक्का मारतो."

"परत खोटंच? टायपिंगची चूक म्हणे?" तिला माझी जुनी गोष्ट माहीत नव्हती, पण तो 'परत' मला नेमका लागला. "दोन सीझन टायपिंगच्या चुकीने गायब होतात? सही माझी आहे, काका. लिहीन ते मीच लिहीन. तुम्ही फक्त टाईप करा, आणि या वेळी अक्कल चालवू नका."

मी खुर्ची ओढली. खाणीकडून काय काय कागद आहेत ते विचारलं. तिच्याकडे काटा चालवणाऱ्या ठेकेदाराचं अनुभवपत्र होतं, त्यात तिन्ही सीझनचे महिने नीट लिहिलेले होते. विद्यापीठाच्या गुणपत्रिका होत्या. मी त्या पहिल्या वेळी नीट पाहिल्याच नव्हत्या.

आम्ही आधी नवा बायोडाटा केला. काट्याची नोकरी एका ओळीत सलग न लिहिता प्रत्येक सीझन महिन्यांसह वेगळा लिहिला आणि पुढे 'हंगामी, सकाळी सात ते तीन, सोमवार ते शुक्रवार'. पदवीपुढे 'दूरशिक्षण, वर्ग शनिवार-रविवार'. दोन ओळी एकमेकींवर चढलेल्याच राहिल्या, पण वाचणाऱ्याला आता कसं जमवलं हे दिसत होतं.

"डिसेंबरची परीक्षा?" मी विचारलं. "ती सीझनमध्ये येते. ते विचारणार."

"रजा घेतली होती. अर्जाची प्रत आहे, सुपरवायझरची सही आहे." तिने पिशवीतून तीन घड्या पडलेला कागद काढला. "हे पण तुम्ही नको म्हणाला होता. जड होईल म्हणे बायोडाटा."

मग खुलासा. तिने सांगितलं, मी टाईप केलं: "नोकरी आणि शिक्षण एकाच काळात होतं. ते विचित्र दिसेल या भीतीने मी दोन हंगाम वगळले आणि तिसऱ्याच्या तारखा बदलल्या. ती माझी चूक आहे. खरा तपशील व पुरावे सोबत जोडले आहेत." माझं नाव कुठे नव्हतं. मी म्हटलं, "'टायपिंगवाल्याच्या सल्ल्याने' असं घाल."

"तुम्हाला कशाला मध्ये घालू? नोकरी काय तुम्हाला देणार आहेत ते?"

दुसऱ्या दिवशी तिला फोन आला तेव्हा ती माझ्याच दुकानात गुणपत्रिकेच्या प्रती काढत होती. तिने स्पीकर लावला. कारखान्याच्या मॅडम मराठीतच बोलत होत्या.

"काट्यावर एकट्याच होतात?"

"पहिल्या सीझनला दोघी. मग एकटी."

"ट्रकची नोंद, पावती, सगळं?"

"होय मॅडम."

"अहो, मग हे लपवलंत कशाला? आम्हाला माल पाठवायलाच माणूस हवाय. तीन हंगाम काटा सांभाळून पदवी घेतली हे तर आम्ही सगळ्यांत आधी वाचलं असतं." मग त्या म्हणाल्या, "पण खोटी तारीख फाईलला राहील. खुलासाही राहील. पुढच्या सोमवारी रुजू व्हा. ओरिजिनल आणा."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत? तुम्ही माझं जे चांगलं होतं तेच खोडलंत."

तिची नोकरी वाचली, पण फाईलमधला तो कागद माझ्यामुळे तिथे आहे आणि ती तिथे असेपर्यंत राहील.

मग मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुने बायोडाटे उघडले. ज्यांच्या तारखा सरळ केल्याचं आठवत होतं त्यांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्याने शिव्या घातल्या. दुसरा म्हणाला, काका, मी आता आखातात आहे, राहू दे. तिसरी, अस्नोड्याची नर्स, दिवसा नोकरी आणि बाहेरून कोर्स केलेली, तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ते दोन्ही लिहिता येतं?"

"येतं," मी म्हटलं. "कागद घेऊन ये. वेळ कसा जमवलास तेवढं मला नीट सांग."