पांढऱ्या अक्षरांची यादी

आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाई संक्षेप वापरला की अर्धा गुण कापायच्या. 'नीट वाक्य लिहायला आळस येतो का?' असं विचारायच्या. त्यामुळे माझ्या पहिल्या रेझ्युमेत सगळं पूर्ण लिहिलेलं होतं. पॉलिमरेज चेन रिअॅक्शन. एन्झाइम-लिंक्ड इम्युनोसॉर्बंट अॅसे. मास्टर ऑफ सायन्स. जळगावच्या एका प्रयोगशाळेत मी वर्षभर केळीच्या रोपांच्या पानांचे तुकडे घेऊन त्यांत विषाणू आहे का ते याच दोन चाचण्यांनी तपासत होते. ते काम कंत्राटी होतं, संपलं. नंतर मी आठ ठिकाणी अर्ज केले आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही.

त्याचं कारण एका मैत्रिणीने सांगितलं. "अगं, भरती करणारा माणूस कॉम्प्युटरवर 'पीसीआर' टाईप करून शोधतो. तुझ्या कागदावर तो शब्दच नाही. मग तू दिसणार कशी?"

एवढं कळल्यावर मी घरीच बसून तो शब्द टाकायला हवा होता. पण जेवताना वडिलांजवळ बोलून गेले, आणि त्यांनी जागेवरच निकाल लावला. "घरचा माणूस असताना तू कशाला डोकं खपवतेस? दादाकडे जा."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. धुळ्याला बसस्थानकाच्या मागे त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाइकं त्याला भाऊ म्हणतात. भरतीचे फॉर्म, शिष्यवृत्ती, सातबारा, आधारची दुरुस्ती, सगळं तिथे होतं. मी गेले तेव्हा तीन माणसं रांगेत होती आणि दादा त्या तिघांशीही एकदम बोलत होता.

"ये, कॉन्व्हेंटवाली! आमच्या दुकानात मराठी चालतं हां."

मी हसले. त्याच्यासमोर मला कधी पटकन उत्तर सुचत नाही. घरी परतताना रिक्षात सुचतं.

मी त्याला अर्ज कुठे करायचाय ते सांगितलं: जळगावजवळची टिश्यू कल्चरची कंपनी, केळीची रोपं तयार करणारी. मला मनापासून हवी होती ती हीच नोकरी. मला दुसरं काही नीट येत नाही आणि हे नीट येतं. शुक्रवार शेवटचा दिवस होता.

"फक्त पीसीआर आणि एलायझा हे शब्द टाक, दादा," मी म्हटलं. "पूर्ण नावाच्या पुढे, कंसात. एकेकदाच."

"एकेकदा?" त्याने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "मशीन वाचतं हे सगळं, बाई. जितकं टाकशील तितकी वर येशील. बठ्ठं टाकी देस मी, सगळंच. तू बस."

मागे बसलेले आबा, म्हणजे त्याचे वडील, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "तिले इचारी ले ना रे आधी."

"इचारं ना आबा! तिले काय समजस त्यान्हामा?"

मी एम.एस्सी. आहे आणि तो बारावी. पण दुकान त्याचं होतं. मी बसले. पंधरा मिनिटांनी त्याने फाईल दाखवली. दिसायला छान होती. पूर्ण नाव, कंसात संक्षेप, अगदी मी सांगितलं तसं. मी दोनदा वाचली आणि पाठव म्हटलं. त्याने तिथूनच ती कंपनीच्या पोर्टलवर चढवली आणि पुढच्या माणसाचा सातबारा काढायला घेतला.

दोन दिवसांनी फोन आला. कंपनीतल्या भरती बघणाऱ्या मॅडम होत्या. आवाज शांत होता.

"तुमचं नाव यादीत सगळ्यात वर आलंय," त्या म्हणाल्या. माझा आनंद एका वाक्यापुरता टिकला. "तुम्ही सेट उत्तीर्ण आहात?"

"नाही."

"नेट?"

"नाही, मॅडम."

"मग ऑटोकॅड येतं? ठिबकचं डिझाइन?"

मला काही कळेना. मी म्हटलं, मी सूक्ष्मजीवशास्त्राची आहे.

"तेच तर. आमचं सॉफ्टवेअर फाईलमधला मजकूर उचलून वेगळा दाखवतं. तुमच्या शेवटच्या पानाखाली पांढऱ्या अक्षरांत पन्नास-साठ शब्द आहेत. पीसीआर अकरा वेळा आहे. कागदावर दिसत नाही, आमच्याकडे दिसतं. असा अर्ज मी सरळ बाजूला ठेवते. पण वर केळीच्या रोपांच्या तपासणीचं वर्षभराचं काम दिसलं. म्हणून विचारतेय, हे तुम्ही लिहिलंत?"

दादाचं नाव सांगणं सोपं होतं. पण अर्ज माझ्या नावाचा होता आणि तो मी दोनदा वाचला होता. "दुसऱ्याने भरला, पण पाठवायला हो मीच म्हटलं," मी म्हणाले. "नीट करून आज पाठवू का?"

"पाचपर्यंत. ईमेलवर."

मी दुकानात गेले. फाईल उघडून सगळा मजकूर निवडला, आणि खालच्या कोऱ्या जागेवर निळ्या पट्ट्या उमटल्या. ठिबकवाल्या इंजिनिअरसाठी केलेली यादी, कुण्या प्राध्यापकाची सेट-नेट, कुणाची टॅली, आणि वर माझं पीसीआर, पी.सी.आर., पीसीआर टेस्टिंग, पीसीआर मशीन. दादाने एकच यादी बनवून ठेवली होती. येईल त्याच्या अर्जात चिकटवायची, वर नवे शब्द वाढवायचे.

"मास्टर यादी आहे ती," तो म्हणाला. जराही ओशाळला नाही. "कुणाचं नुकसान होतं त्यात?"

"माझं होत होतं."

"पण फोन आला ना? वरच आलीस ना?"

मी त्याला खुर्चीवरून उठायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो उठला, बहुतेक आश्चर्यानेच.

मी नवी फाईल केली. पदवी एकदाच: मास्टर ऑफ सायन्स, कंसात एम.एस्सी. तंत्रांच्या ओळीत पॉलिमरेज चेन रिअॅक्शन, कंसात पीसीआर, एलायझाचंही तसंच. त्याखाली कामाचं वर्णन, आणि तिथे फक्त संक्षेप, वाक्यात जिथे तो खरंच लागतो तिथेच: रोपांची आधी एलायझाने तपासणी केली, शंका आलेल्यांची पीसीआरने खात्री केली. जे येत नाही ते लिहिलंच नाही. एक पान झालं, तेही खाली थोडं मोकळं राहिलं.

दादा मागे उभा राहून वाचत होता. "इतकी जागा रिकामी सोडतेस? लोक काय म्हणतील, पोरीला काही येतच नाही?"

"असू दे, रे भाऊ," आबा म्हणाले. "रिकामी तर रिकामी. खोटी तर नई शे."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी पाठवलं. पुढच्या आठवड्यात जळगावला बोलावणं आलं. मॅडमच्या हातात माझं ते एक पान होतं, आणि एलायझाच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारलेली. त्यांनी पाऊण तास फक्त त्या एका वाक्यावर विचारलं: तुकडा कुठल्या पानाचा घ्यायचा, शंका कशावरून येते. मी लाजरी आहे, पण या विषयावर मला बोलता येतं. नोकरी मिळाली.

बातमी सांगायला दुकानात गेले तेव्हा दादा एका मुलीचा फॉर्म भरत होता. माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "ही बघ, माझी बहीण. आपल्याच यादीने लागली."

मी त्या मुलीच्या शेजारी खुर्ची ओढली आणि तिला विचारलं, "तुला खरंच काय काय येतं?"