सुतकात अडकलेला मेल

माझा भाऊ दोधू गेला तो मंगळवारी पहाटे पाचला, आणि त्याच मंगळवारी अकरा वाजता चारुलताचा इंटरव्ह्यू होता.

चारुलता म्हणजे आमच्या थोरल्या भावाची नात. थोरला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या बायकोचा, आमच्या नर्मदाबाई वहिनींचा, शब्द सगळ्या घरात शेवटचा. ब्राह्मणपुरीत आमची घरं ओळीने आहेत, एकाचं जेवण दुसऱ्याला वासावरून कळतं. मी धाकटा. तेहतीस वर्षं शहाद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. गावातल्या कुणालाही इंग्रजी कागद आला की तो माझ्या ओट्यावर येतो, त्याचा मला थोडा गर्वही आहे. होता म्हणू.

चारुलता रसायनशास्त्रात एमएस्सी झाली. पाच वर्षं तिला रोज सकाळी मोटारसायकलवर शहाद्याच्या स्टँडला सोडलं ते दोधूने; ती त्याला बाबाच म्हणायची. थंडीत कानाला मफलर गुंडाळून तो तिची बस सुटेपर्यंत उभा राहायचा. शिक्षण संपल्यावर ती शाळेत तासिकेवर लागली आणि दोन वर्षं अर्ज करत बसली. चाळीसेक अर्ज. अंकलेश्वरच्या एका औषध कंपनीने पहिल्यांदा उत्तर दिलं: तपासणी प्रयोगशाळेत जागा आहे, मंगळवारी अकराला व्हिडिओ कॉल, ही लिंक. दोधूने त्या दिवशी गावभर सांगितलं. आपण सांगितल्याचं पोरीला मात्र कळू दिलं नाही, नजर लागेल म्हणून ती चिडली असती.

आणि मग हाच माणूस तिच्या अकराच्या आड आला.

सकाळी सहालाच तिने कंपनीला दोन ओळी पाठवायला हव्या होत्या. आधी कळवलेली अडचण कुणीही समजून घेतं. पण तिला वाटलं, नऊपर्यंत सगळं उरकेल. दोधूची लेक सुरतेहून यायची होती, तिच्यासाठी मयत अंगणात ठेवलेली. नऊचे दहा झाले. चारुलता बायकांत बसून होती, फोन घरात कपाटात. पावणेअकराला गाडी आली. सुरतेची पोर उतरली ती थेट चारुलताच्या गळ्यात पडली आणि तिने हंबरडा फोडला. अशा मिठीतून कोण कसं उठणार? मी समोरच होतो. चारुलताचं तोंड तिच्या खांद्यावर होतं आणि डोळे घराच्या दाराकडे.

मसणवट्यातून येऊन आंघोळी झाल्या. तीनच्या सुमारास ती माझ्या ओट्यावर आली. लिंकवर कुणीतरी वाट पाहिली होती, नंतर दोन मिस्ड कॉल होते, कंपनीतल्या रोहिणी नावाच्या बाईंचे. चारुलताने माफीचा मेल लिहून आणला होता. पानभर. बाबांचं दुखणं, सुरतेची गाडी, सगळं त्यात.

"बाई, हाई कहानी कोन वाचयी?" मी म्हणालो.

भाऊ जाऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि मी लाल पेन घेऊन बसलो. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ मला बरं वाटलं. नवा मेल काढू नकोस, म्हटलं, त्यांच्याच आमंत्रणाला उत्तर दे, म्हणजे कोणती जागा, कोणती वेळ हे त्यांना शोधावं लागणार नाही. पहिल्या ओळीत माफी. दुसरीत कारण, एकाच ओळीत: आज पहाटे घरात मृत्यू झाला. मग, आधी कळवायला हवं होतं ते कळवलं नाही, ही चूक माझी. या जागेची मला अजून मनापासून इच्छा आहे, शक्य असल्यास दुसरी वेळ द्यावी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवशी दहानंतर मी मोकळी आहे. फोन नंबर, आभार, नाव. सात ओळी झाल्या. चांगला मेल होता. माझ्या हातून इतकं नेमकं क्वचितच काही झालं असेल.

"आबा, धाडू का आते?"

मी 'धाड' म्हणणार तोच वहिनी दारात आल्या.

"काय धाडी ऱ्हायनी व?"

चारुलताने सांगितलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "दहा दिन व्हवू दे. सुतकमा चांगलं काम हातमा लेवानं नही. बाबानी राख बी थंडी व्हयनी नही आनि तू नोकरी मांगी ऱ्हायनी."

"आजी, मांगी नही ऱ्हायनी. माफी मांगी ऱ्हायनी."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही शिकेल शेतस. तुम्हीच सांगा. चालस का सुतकमा?"

ओट्याखाली भाऊबंद बसले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं की चालतं. माफीला सुतक कसलं? मला हेही ठाऊक होतं की वहिनी फक्त माझं ऐकतील, म्हणूनच त्यांनी विचारलं. पण मेलेला माझा भाऊ. मी 'चालस' म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, मास्तरला भावाचं काही नाही. मी खाली बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

चारुलताने फोन बंद केला.

दहा दिवस ती घरातली सगळी कामं करत राहिली. मी दोनदा तिला गाठून म्हणणार होतो, गुपचूप पाठवून टाक. दोन्ही वेळा कुणीतरी भेटायला आलं आणि मी ते निमित्त आनंदाने घेतलं. दोधू माझ्या जागी असता तर त्याने तिच्या हातातून फोन घेऊन स्वतःच बटण दाबलं असतं. त्याला धड इंग्रजी वाचताही येत नव्हतं.

दहाव्याला प्रकाशा गावी तापीवर विधी झाले, माझंही मुंडण झालं. अकराव्या दिवशी सकाळी वहिनी स्वतः म्हणाल्या, "धाड बेटा आते." मेल तसाच ठेवला होता, पण तसा पाठवता येईना. तिन्ही वार उलटून गेले होते, ते बदलावे लागले. 'आज पहाटे' होतं, तिथे तारीख घालावी लागली. आणि उशिराबद्दल आणखी एक ओळ माफीची.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. चारुलता फोन घेऊन माझ्या ओट्यावर आली.

रोहिणीबाईंनी फार सभ्यपणे लिहिलं होतं. तुमच्या दुःखात सहभागी आहे. त्या दिवशी तुमचा काही निरोप येईल म्हणून शनिवारची एक वेळ तुमच्यासाठी राखून ठेवली होती. काहीच न आल्याने तुम्हाला रस नसावा असं धरलं. जागा सोमवारी भरली. पुढे काही निघाल्यास कळवू.

मी दुसऱ्यांदा वाचलं. चारुलता माझ्या भादरलेल्या डोक्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आबा, तुम्हले इंग्रजी समजस. यान्हा आखो काही दुसरा अर्थ निंघस का?"

मी तिसऱ्यांदा वाचलं. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात दोधूच्या नावाने काढलेलं नैवेद्याचं ताट. ओट्याखाली आज कुणी नव्हतं. आज मला बोलायला काहीच अडचण नव्हती.

"नही," मी म्हणालो.