नाहीदचा सातवा मेसेज

पोंभुर्ण्याच्या नाहीद शेखले कामाचा कंटाळा कधी आला नाही, मोठ्या माणसांची दारं ठोठावण्याचा मात्र आला होता. चारोळीची बी गोळा करणाऱ्या दोनशे बायांची कंपनी तिनं उभी केली. फोडायचं यंत्र नसल्यानं माल दरवर्षी कच्चाच व्यापाऱ्याच्या घशात जायचा. यंत्राले भांडवल हवं होतं. चंद्रपूरचे गुणवंतराव रामटेके, निवृत्त ठेकेदार, अशा छोट्या धंद्यांत हिस्सा घेऊन पैसा लावतात, असं तिच्या कानावर आलं होतं.

जानेवारीपासून तिनं त्यांना सहा मेसेज धाडले. आपल्याकडे थोरामोठ्यांना एकदम पैसे मागायची रीत कुठं आहे! म्हणून आधी प्रकृतीची चौकशी, मग घरच्यांना सलाम, मग 'आपले बहुमूल्य मार्गदर्शन लाभावे, आपण आमच्या युनिटवर पायधूळ झाडावी'. लिहिता लिहिता बोटं दुखायची. उत्तर नाही. बाई पार थकली.

मार्चच्या शेवटी एकदाचं उत्तर आलं: 'उद्घाटनाची तारीख कळवा. शाल-श्रीफळ नको, मले ते आवडत नाही.'

नाहीदनं कपाळावर हात मारून घेतला. तिचा भाऊ वाजिद हसून हसून बेजार. "अगं आपा, तू त्यायले प्रमुख पाहुणा करून राह्यली होती! पैशाचं कुठी लिहिलंच नाई!"

"तोंड वर करून पैसे कसे मागाचे रे?"

"मंग शालच घाल."

तिले रागही आला आणि रडूही. पण तिनं सातवा मेसेज लिहिला, एका दमात, सलाम धरून पाच ओळी:

'सलाम गुणवंतरावजी.
आमच्या दोनशे बायांची चारोळी कच्ची विकली जाते. फोडून विकली तर दीडपट मिळेल.
यंत्रासाठी सहा लाख हवेत, बदल्यात कंपनीत बारा टक्के हिस्सा.
त्यासाठी पंधरा मिनिटं भेटाल का?
गुरुवारी अकराला चंद्रपुरात येऊ शकते.'

दहा मिनिटांत उत्तर: 'या. यंत्राचं कोटेशन आणा.'

गुरुवारी गुणवंतरावांनी कोटेशन वाचलं, खरेदीदार कोण ते विचारलं, बारा टक्क्यांवर अडले नाहीत. "कागदं पाहून पुढच्या आठवड्यात सांगतो, पण माझं मन आहे," ते म्हणाले. मग चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "यंत्र बनायले तीन महिने लागतील, इथं लिहिलंय. चारोळी तर एप्रिल-मेमध्येच पिकते न? मंग जानेवारीतच काऊन नाई सांगितलं, बाई?"

 नाहीदनं कोटेशन त्यांच्या टेबलावर ठेवलं अन् पोंभुर्ण्याची बस धरली.

संध्याकाळी घरी पोचली तर बायनाबाई ओट्यावर बसलेली. दोनशे बायांत चारोळीले जंगलात सगळ्यात आधी जाणारी तीच.

"झालं का वो काम?"

"झाल्यासारखंच आहे."

"मंग यंदा फोडूनच विकाची न?"

नाहीद तिच्याशेजारी टेकली. पाय भरून आले होते. "नाई वो बाई. यंदा कच्चीच द्या. माझ्याच अदबीनं तुमचं वर्ष घालवलं."