डावीकडे ओढणारा गाडा

आमच्याकडचा एकही हातगाडा आप्पांनी तपासल्याशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. आणि तपासायची त्यांची पद्धत अशी, की गाड्यावर गल्लीतल्या बायका बसवायच्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात घरापुढच्या पत्र्याच्या शेडात ते सुतारकाम करायचे. दारं-खिडक्या सगळेच करतात, पण आप्पांची ओळख गाड्यांची. सुताची पोती, टॉवेलचे गठ्ठे, मागावर चढवायचे बीम, सगळं तेव्हा हातगाड्यावरूनच फिरायचं. गाडा तयार झाला की आप्पा ओट्यावर येऊन हाक मारायचे, "या गं बायांनो, गाडा भरायचाय!" आई, शेजारची काकू, समोरच्या तेलुगू घरातल्या दोघी बहिणी पाय खाली सोडून फळ्यांवर बसायच्या. आप्पा दांड्यांमध्ये उभे राहून ओढायचे.

"वहिनी, तुमी जरा मधी सरका, गाडा तुमच्याकडं कलतोय."

"गाडाच वाकडा असंल की! माझं वजन कुणी काढलंय?" काकू म्हणायच्या.

गल्लीच्या टोकापर्यंत हसणं ऐकू जायचं. आप्पा मात्र हसायचे नाहीत. त्यांचं सगळं लक्ष तळव्यांकडे असायचं. कुठला हात जास्त ओढतोय ते रिकाम्या गाड्यात कळत नाही, भरल्या गाड्यात लपत नाही, असं ते म्हणायचे. गाडा एका बाजूला जायला लागला की बायकांना उतरवून तो पुन्हा शेडात यायचा. काकू त्यावर आठवडाभर बोलत. मला ते दिवस आठवले की आधी तो कलकलाट आठवतो, बाभळीच्या भुशाचा वास नंतर.

आप्पा गेल्यावर शेड मी चालवली. भावाला त्यात रस नव्हता, मला हत्यारं धरता येत होती, विषय संपला. पण गाडे बंद पडत गेले. लोखंडाचे वेल्डिंगवाले गाडे आले, तीनचाकी टेम्पो आले. मी शाळांची बाकं दुरुस्त केली, देव्हारे केले, लोकांच्या पलंगांचे पाय बदलले. कित्येक वर्षं गाडा केलाच नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात मामा आले. नात्यातले नव्हेत. कुंभारीहून रोज शहरात येणारे हमाल. आप्पांच्या दोन गाड्यांवर त्यांचा जन्म गेला आणि दुसराही आता मोडला होता. ज्या कारखान्यात सूत बीमवर गुंडाळतात, तिथून ते बीम मागांच्या शेडांपर्यंत पोहोचवणं हे त्यांचं काम. मधली गल्ली इतकी अरुंद, की टेम्पो तोंडाशीच थांबतो. दोन्ही बाजूंना उघडी गटारं.

"अक्का, लाकडाचाच करून द्या," मामा म्हणाले. "भावकीतल्याचा लोखंडी आणला हुता. लई दणके बसत्यात. बीम उडतोय त्यावर. परवा भिंतीला घासला, वरचं सूत तुटलं. मालक म्हणला, आता एक जरी बीम पडला तर मी माझी माणसं लावून खांद्यावर नेतो, तू घरी बस."

बीम म्हणजे लोखंडी नळीवर घट्ट गुंडाळलेले हजारो धागे. गटारात पडला तर धुऊन चालत नाही. आणि साठीच्या घरात आलेल्या माणसाला घरी बस म्हटलं, की तो पुन्हा उठत नाही. हे मामांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

मी गाडा करायला घेतला. दोन लांब दांडे मागून पुढपर्यंत एकसंध. मागच्या भागावर आडव्या फळ्या, पुढच्या टोकाला दोन्ही दांडे जोडणारी आडवी मूठ, ती छातीशी येईल अशी. आसाला बाभळीचा चौकोनी ठोकळा आणि त्याच्या खाली खाच पाडून बसवलेला लोखंडी गज. गजाची दोन्ही टोकं बाहेर, त्यांवर चाकं. चाकं तीन-तीन जाड फळ्या जोडून, मागून पट्ट्या मारून गोल कापलेली, कडेला जुन्या टायरची पट्टी. मध्यभागी पाइपचा तुकडा, म्हणजे गज लाकडाला खात नाही. बाहेरून वायसर आणि खीळ. आस फळ्यांच्या मध्याच्या किंचित मागे, म्हणजे भरल्यावर थोडं वजन पुढे हातावर येतं आणि गाडा मागे उलटत नाही.

चाकं सारखी आहेत का, ते दोन्ही जमिनीवर एकेक फेरा लोळवून पाहिलं. सारखी होती. मग आस काटकोनात बसवणं, ते खरं काम. आप्पांची रीत सोपी होती. पुढच्या मुठीच्या बरोबर मध्यावर खिळा मारायचा, त्याला दोरा बांधायचा, दोरा आसाच्या एका टोकापर्यंत ताणून गाठ मारायची, तोच दोरा दुसऱ्या टोकाकडे न्यायचा. गाठ तिथेही बरोबर टोकावर आली की आस सरळ. दोरा म्हणजे मागावरून उरलेल्या सुताला पीळ देऊन केलेला. सोलापुरात दोरा विकत कोण आणतं? मीही शेजारच्या मागावरून मूठभर सूत आणलं, पीळ दिला, मापलं. गाठ बरोबर आली. आसाच्या पुढे-मागे ठोकळे मारले आणि वरून पट्ट्यांनी आवळून टाकला.

बायका बसवल्या नाहीत. कुणाला म्हणणार, येऊन गाड्यावर बसा? काकू गेल्या, त्या दोघी बहिणी मुलांकडे पुण्याला. आताच्या सुना मला ओळखतात तेवढंच. रिकामा गाडा अंगणात चार वेळा फिरवला, हलका चालला. मामांनी नारळ फोडला आणि घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी मामा रिकामा गाडा घेऊन परत दारात.

"अक्का, ह्यो गटारीकडं जातोय."

"कुठल्या?"

"डाव्या. बीम ठेवला की जातोय. काल चाक गटारीच्या काठावर आलं हुतं, देवानं धरलं."

उजवा तळवा त्यांनी दाखवला. सोललेला. दांडा सतत उजवीकडे रेटून रेटून.

मी चाकं काढली, पुन्हा लोळवली. सारखी. पाइपात ग्रीस भरलं, फिरवून पाहिलं. दोन्ही मोकळी. चाक डगमगतं का, कडेला खिळा धरून पाहिलं, नाही. दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं, तेही एकच. मग दोरा ताणून आस पाहिला. गाठ बरोबर टोकावर.

"गाड्यात काही नाही," मी म्हणाले. "मामा, तुम्ही एका अंगाने ओढता. लोखंडी गाड्यानं सवय लावली असेल."

मामांनी तळवा मिटला. मग म्हणाले, "आप्पानं कधी माणसात खोट काढली न्हाय. गाड्यातच काढली."

मला राग आला. खरं ऐकल्यावर येतो तसला. समोर बांधकामाची वाळू पोत्यांत भरून ठेवलेली होती. सहा पोती मागून घेतली, आम्ही दोघांनी गाड्यावर रचली, सारखी, मधोमध. मी ओढणी कमरेला खोचली आणि दांड्यांत शिरले.

"अक्का, ऱ्हाऊ द्या की."

"सरका."

पन्नास पावलं गेले नाही तोच कळलं. मी सरळ चालत होते आणि गाडा नव्हता. झटका नाही, अडकणं नाही, नुसता शांतपणे डावीकडे. उजव्या तळव्यात दांडा रुतायला लागला. शंभर पावलांत मी डाव्या काठाला होते. रिकामा गाडा मी नकळत एका बोटाने सावरत होते, म्हणून अंगणात कळलं नव्हतं.

मागे फिरलो. धुळीत चाकांच्या रेघा पाहिल्या. दोन्ही एकमेकींना समांतर, पण दांडे त्यांच्याशी तिरपे. म्हणजे चाकांचा दोष नाही, आसाचाच. मी पत्र्याचा टेप काढला. मुठीवरच्या खिळ्यापासून आसाचं उजवं टोक आणि खिळ्यापासून डावं टोक. डावं दीड बोट लांब. पुन्हा मोजलं. दीड बोट.

"असं कसं? दोऱ्यानं बरोबर येतंय."

मामांनी तो दोरा हातात घेतला. पीळ उलगडला, एक धागा काढला, दोन बोटांत ताणला आणि सोडला. धागा आखडला. मामा हसायला लागले.

"अक्का, ह्यात पालिस्टर हाय की! आप्पाच्या टायमाला नुसता कापूस. आता समदीकडं मिसळ. मी रोज हेच वाहतोय, मला इचारायचं नव्हं व्हय?"

आप्पांचा कापसाचा पिळलेला दोरा काही एवढा ताणला जात नसे. हा ताणला जात होता. उजव्या बाजूला मी शेजारी उभी राहून अलगद धरला असणार. डाव्या बाजूला लांबून, वाकून, जोर लावून. दोन्ही वेळा गाठ टोकावर आली, कारण दुसऱ्यांदा ती मी ओढून आणली. डावं टोक मागे राहिलं आणि गाडा तिकडेच वळत राहिला. सोलापूरच्या सुतारीण बाईने सुताला फसावं, याहून मोठी शोभा नाही. मामांना मी तसं म्हणाले, आणि त्यांच्याविषयी जे बोलले ते मागे घेतलं. ते म्हणाले, "हां, ते ऱ्हाऊ द्या, पट्ट्या सोडा."

डाव्या बाजूची पट्टी ढिली केली, पुढचा ठोकळा काढला, आसाला लाकडी मोगरीचे हलके ठोके देत डावं टोक पुढे आणलं. प्रत्येक ठोक्याला टेप. उजवं टोकही केसभर हलायचं, म्हणून दोन्हीकडे पुन्हा पुन्हा मोजलं. दोन्ही मापं एक झाल्यावर ठोकळे दोन्हीकडून घट्ट मारले, पट्ट्या आवळल्या. वाळूची पोती पुन्हा चढवली. या खेपेला मामांनी ओढला. गल्लीच्या मध्यावरून गेले, मध्यावरून आले. मध्येच एक दांडा सोडून त्यांनी एका हाताने डोळा पुसला, घाम असेल, आणि तेवढ्यातही गाडा वळला नाही.

दुपारी मीही कारखान्यात गेले. काही काम नव्हतं माझं. दोघांनी लोळवून बीम गाड्यावर घेतला, लांबीत, आणि खाली पाचरी लावल्या. मालक दारात उभा होता. खांद्यावर न्यायला दोन तरणे गडी त्याने आधीच बोलावून भिंतीला बसवले होते. मामांनी ते पाहिलं आणि दांड्यांत शिरले.

गल्लीत मी दहा पावलं मागून चालत होते. डाव्या चाकाशेजारी गटाराच्या काठाची वीतभर फरशी होती. ती वीत मी शेवटपर्यंत पाहत गेले. ती कमी झाली नाही. एका ठिकाणी समोरून सायकल आली तेव्हा मामांनी गाडा मुद्दाम उजवीकडे घेतला, सायकल जाऊ दिली आणि परत मध्यावर आणला, पाण्यातला मासा वळावा तसा. मागांच्या शेडात बीम उतरला. विणकराने सुतावरून हात फिरवला, एकही धागा तुटलेला नव्हता.

परत आलो तेव्हा मालक तिथेच होता. गाड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला बसलेल्या त्या दोघांना म्हणाला, "जावा रे तुमी."

मामांना म्हणाला, "उद्या दोन हायत. सकाळी येरवाळी ये."

"व्हय," मामा म्हणाले, आणि गाडा सावलीला लावायला गेले.